पोस्टरमध्ये नाइट हरवू नये म्हणून

"'हॉलो नाइट' या व्हिडिओ गेमच्या स्क्रीनशॉटला ऑइल पेंट फिल्टर लावला, पण त्यातला नायक नाइटच ओळखू येईना. काय करू?"

फिल्टर सगळीकडे एकाच मापाचे फटकारे मारतो, म्हणून बारीक शिंगांच्या कडा मागच्या धुक्यात मिसळतात. नाइटला आधी वेगळ्या लेअरवर कापून घ्या. मागचं दृश्य मोठ्या ब्रशने, मऊ कडा ठेवून रंगवा. मुखवटा आणि शिंगं मात्र लहान ब्रशने, कडा अगदी स्वच्छ ठेवून. खरी अडचण झग्याची आहे. तो गडद, मागची गुहाही गडद. त्याच्या मागे फिकट धुक्याचा एक पट्टा ओढा. माझ्या पोस्टरात तेवढ्यानेच आकृती सुटी झाली. मग चित्र काळं-पांढरं करून अंगठ्याएवढं बघा. झग्याचा आकार दिसत नसेल तर धुकं अजून उजळवा. कागदाचा पोत टाकलात तर मुखवट्यावरून तेवढा पुसून घ्या.