प्रतिसाद: शाळेतला रुमाल आणि सरकारची तटस्थता

> शाळा सरकारची, मग धर्माची खूण कशाला? सगळ्यांना एकच नियम लावा.

तटस्थ राहायचं आहे ते सरकारने. मग वर्गात सरकार कोण, हे आधी ठरवा. फळ्यापुढे उभे राहणारे गुरुजी सरकारचा पगार घेतात, गुण देतात. त्यांच्यावर बंधन घातलं तर मी समजू शकतो. बाकावर डोक्याला रुमाल बांधून बसलेली पोरगी सरकार नाही.

१९८६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे केरळातली तीन मुलं होती. राष्ट्रगीताला अदबीने उभी राहायची, पण श्रद्धेमुळे गायची नाहीत, म्हणून शाळेने काढलेली. न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. श्रद्धा प्रामाणिक आहे का आणि मुलांनी खरंच काही अनादर केला का, हेही पाहिलं. कर्नाटकच्या हिजाब प्रकरणात मात्र १३ ऑक्टोबर २०२२ ला दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. न्या. गुप्तांनी गणवेशाची समानता वरचढ मानली, न्या. धुलियांनी मुलीचं शिक्षण. योग्य खंडपीठ नेमण्यासाठी प्रश्न सरन्यायाधीशांकडे गेला.

आता आपल्याकडं बघा. दारव्ह्याकडच्या एखाद्या खेड्यातली पोरगी आठवीनंतर एसटीनं तालुक्याला जाते. गणवेश पुरा, डोक्यावर त्याच रंगाचा रुमाल, चेहरा उघडा. शिस्त कुठं मोडली? प्रयोगशाळेत बर्नरजवळ रुमाल आत खोचायला सांगा, परीक्षेला ओळख पटवा. ती कारणं सगळ्यांना सारखी लागू आहेत. पण फाटकातून परत पाठवलं, तर दुसरी शाळा कुठं आहे तिला? घरचे तिला वावरात नेतील.

कोणी घरून जबरदस्तीने रुमाल बांधून पाठवत असेल, तर तिच्या एकटीशी बोलणाऱ्या बाई शाळेतच भेटतील.