सहकारनगरच्या घरातलं बेसिन तुंबलंय

प्रेषक: नीलिमा
नमस्कार मंडळी,
दोन महिने पुण्यात आईकडे आले आहे. सोसायटी जुनी, आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. बाथरूममधल्या बेसिनचं पाणी उतरता उतरत नाही. दात घासून होईस्तोवर अर्धं बेसिन भरतं. भरीला, सकाळी कधीकधी मोरीच्या जाळीतून बुडबुड आवाज येतो आणि थोडं पाणी वर येतं. नेहमीचा प्लंबर गावी गेलाय. घरच्या घरी काय करता येईल?

प्रेषक: प्रसाद
अगदी सोपं आहे. खाण्याचा सोडा टाक, वरून व्हिनेगर ओत, फेस आला की किटलीभर उकळतं पाणी. मी इथे दर महिन्याला करतो, तीन वर्षांत एकदाही प्लंबर लागला नाही.

प्रेषक: अनिलकाका
नीलिमा,
पुण्यात तीस वर्षं साइटवर काढली, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

प्रसाद, तुझा पाइप तुंबतच नाही, कारण तू दर महिन्याला गरम पाणी सोडतोस. सोडा आणि व्हिनेगर एकमेकांना मारतात. फेस दिसतो, पण केसांचा बोळा त्याने विरघळत नाही. आणि उकळतं पाणी नको. प्लॅस्टिकचे पाइप त्याने मऊ पडतात, सांधे सैल होतात. हाताला सोसेल एवढंच गरम घ्यावं.

नीलिमा, तुला दोन तक्रारी आहेत आणि दोन्हींचं मूळ एकच असेल असं नाही. आपल्याकडे बेसिनचं पाणी बॉटल ट्रॅपमधून, मग त्या वळ्यावळ्यांच्या लवचीक पाइपने मोरीच्या न्हाणी ट्रॅपमध्ये पडतं. तिथून डक्टमधल्या उभ्या पाइपात आणि खाली चेंबरला. त्यामुळे अडलंय कुठे ते आधी शोध. बेसिनला हात लावू नकोस. मोरीच्या जाळीवर बादलीभर पाणी एकदम ओत. भरभर गेलं, तर अडचण बेसिनकडची. तेही साचलं, तर न्हाणी ट्रॅपमध्ये किंवा त्याच्या पुढे.

प्रेषक: शरयू
आमच्या बाणेरच्या बंद फ्लॅटमध्येही हेच! दार उघडलं की बाथरूममधून घाण वास. मी जाळीवर फिनाइल ओतायला सांगितलं. पण आता काळजी वाटते, पूर्ण लाइन बदलावी लागेल का हो काका?

प्रेषक: अनिलकाका
शरयू, तुझं तुंबलेलं नाही, सुकलंय. ट्रॅपमध्ये जे पाणी उभं असतं तेच गटाराचा वास अडवतं. महिनोन्‌महिने फ्लॅट बंद राहिला की ते उडून जातं. किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांना दर पंधरा दिवसांनी प्रत्येक जाळीत दोन तांबे पाणी ओतायला सांग. त्यानंतरही वास राहिला तर बघू.

प्रेषक: नीलिमा
काका, बादली ओतली. पाणी जाळीवर क्षणभरही थांबलं नाही. म्हणजे बेसिनच ना? आता रबरी पंप मारू का? आईने आत्ता सांगितलं की तिने काल रात्री बेसिनमध्ये पाइप साफ करायच्या पावडरचं अख्खं पाकीट टाकलंय. पाणी अजून चार बोटं उभं आहे. तिला वाटतंय आता वरून टॉयलेटचं क्लीनर टाकलं की सुटेल.

प्रेषक: अनिलकाका
थांब. आधी आईच्या हातातली ती बाटली घे. बहुतेक पावडरी म्हणजे कॉस्टिक असतं आणि टॉयलेटच्या क्लीनरमध्ये बहुतेकदा ॲसिड. दोन्ही एकत्र आली की उकळी फुटून तोंडावर उडतं. ॲसिडशी ब्लीचची गाठ पडली तर विषारी वायू होतो. एका वेळी दुसरं रसायन नकोच.

आणि पंपही नको. त्याने तेच कॉस्टिकचं पाणी डोळ्यांत उडेल. रबरी हातमोजे घाल, डोळ्यांवर चष्मा, खिडकी उघडी. प्लॅस्टिकच्या मगाने उभं पाणी हळूहळू काढून कमोडमध्ये टाक, पण कमोडमध्ये ॲसिडवालं काही पडलेलं नाही ना हे आईंना आधी विचार. ॲल्युमिनियमचं भांडं घेऊ नकोस, कॉस्टिक त्याला खातं. मग साधं थंड पाणी बारीक धारेने बराच वेळ सोड, बेसिन भरू न देता. अंगावर उडालं तर खूप पाण्याने धुवायचं, डोळ्यात गेलं तर धूत राहून थेट डॉक्टरकडे. प्लंबर बोलावलास तर पावडरीचं त्याला आधी सांग. त्या बिचाऱ्याचे हात भाजतात.

प्रसाद, पावडरीचा आणखी एक घोळ: पाणी पुरेसं वाहिलं नाही तर ती ट्रॅपच्या तळाशी दगडासारखी घट्ट बसते.

प्रेषक: नीलिमा
दुपारभर पाणी सोडलं. मग मोजे घालूनच बॉटल ट्रॅप खोलला. खाली बादली ठेवली, खालची वाटी हाताने फिरवून काढली. काळी जेली, आईचे पांढरे केस, टूथपेस्टचं टोपण आणि अर्धवट दगड झालेली पावडर. वाटी घासली, वॉशर तसाच बसवला. आणि तरीही पाणी हळूच!

प्रेषक: अनिलकाका
म्हणजे त्या वळ्यांच्या पाइपातच. तो फार लांब घेतला असेल तर मध्येच पोट पडतं आणि तिथे साबणाचा चिखल बसतो. वळ्यांना तो धरूनच राहतो, त्यामुळे वाकडी तार घालून काही निघत नाही. जाळीच्या भोकातून त्याचं टोक बाहेर काढ, वरचा नट सैल कर आणि पाइप मोरीत आडवा धरून धू.

प्रेषक: नीलिमा
धुतला. मुठीएवढा गोळा निघाला, बाथरूमभर वास. पाइप ठिसूळ झाला होता, म्हणून कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून नवा आणला, पोट पडणार नाही एवढाच कापला. बेसिन भरून एकदम सोडलं, पाणी गटकन गेलं. सांध्यांवर कोरडा कागद फिरवला, एका ठिकाणी ओला झाला. वॉशर तिरका बसला होता, तो सरळ केला.

पण सकाळची बुडबुड आहेच. आज सातला मी काहीच वापरलं नव्हतं, तरी जाळीत पाणी वर आलं.

प्रेषक: प्रसाद
तिथे तरी सोडा टाकून बघ :)

प्रेषक: अनिलकाका
नको रे बाबा. तुम्ही पाणी वापरत नसताना जाळीत पाणी येतंय म्हणजे ते दुसऱ्या कुणाचं आहे. वरचे आंघोळ करतात आणि खालची उभी लाइन अर्धवट अडलेली आहे. बादली एका वेळी गेली तरी सकाळच्या गर्दीत ती लाइन पुरत नाही. जुन्या इमारतीत आंघोळीचं आणि संडासाचं पाणी वेगवेगळ्या पाइपांतून जातं, म्हणून फ्लश करून कळणार नाही. वरच्यांना विचार की ते सातला आंघोळ करतात का. इथून पुढे प्लंबर आणि तोही सोसायटीचा. चेंबर उघडून खालून स्प्रिंग मारावी लागेल. तुझ्या मोरीतून मारली तर गुंता पुढे ढकलला जाईल. खालच्यांच्या छताला ओल दिसली तर एक दिवसही थांबू नकोस.

प्रेषक: नीलिमा
वरच्या काकू म्हणतात सातलाच. सेक्रेटरी म्हणतात, तुमच्या बाथरूममध्ये येतंय म्हणजे खर्च तुमचा. बघते, रविवारी चेंबरचं झाकण उघडायला कुणी तयार होतंय का.