मदत हवी आहे: आजी-आजोबा, दोन चिल्लीपिल्ली आणि अडीच दिवस नाशिक

रानजाई
दिवाळीच्या सुट्टीत भाऊबीज झाल्यावर डोंबिवलीहून नाशिकला जायचंय. आम्ही दोघं, सासू-सासरे, मुलगी सात वर्षांची आणि मुलगा तीनचा. सासरे ७६, साखरेच्या गोळ्या चालू, त्यांना दुपारचं जेवण साडेबाराला म्हणजे साडेबाराला लागतं. सासूबाईंचे गुडघे गेलेत, दहा पायऱ्या कशाबशा चढतात. धाकटा दीडच्या आसपास झोपला नाही तर संध्याकाळ आमची नाही.

कल्याणहून सकाळची तपोवन, दोन रात्री मुक्काम, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परत. नवऱ्याने केलेली यादी: काळाराम, सीतागुंफा, रामकुंड, पांडवलेणी, त्र्यंबकेश्वर, सोमेश्वर, मुक्तिधाम, शिवाय मिसळ. मला ती यादी वाचूनच दमायला झालं. काय ठेवू, काय काढू?

भटक्या७२
सगळं होतं हो! आम्ही एका दिवसात त्र्यंबक, पांडवलेणी आणि पंचवटी केलं होतं. सहाला निघायचं, बस्स. वणीसुद्धा जोडा. आता ट्रॉली झालीये, पायऱ्या चढाव्या लागत नाहीत.

रानजाई
तुमच्याबरोबर कोण कोण होतं?

भटक्या७२
आम्ही चार मित्र.

पंचवटीकर
माझ्याकडे दरवर्षी कोणी ना कोणी आजी-आजोबा उतरतात, त्यावरून सांगते.

आधी हॉटेल ठरवा, ठिकाणं नंतर. तुम्हाला रोज दुपारी खोलीवर परत यायचंय, त्यामुळे हायवेवरचं स्वस्त आणि मोठं हॉटेल तुमच्या उपयोगाचं नाही. पंचवटी, रविवार कारंजा किंवा शालिमारच्या बाजूला बघा, म्हणजे काळारामहून रिक्षाने थोड्या वेळात परत येता येईल. फोन करून तीन गोष्टी विचारा. लिफ्ट आहे का, आणि लिफ्टपर्यंत पोचायला पायऱ्या किती? (आमच्या मावशींना लिफ्टवाल्या हॉटेलात दारातच सात पायऱ्या निघाल्या.) खोली बाराच्या आधी मिळेल का? तपोवन दहाच्या सुमारास नाशिकरोडला सोडते, तिथून शहर आठ-नऊ किलोमीटर. बारापर्यंत लॉबीत बसवलं तर पहिला दिवस तिथेच गेला. आणि जेवण खोलीत मिळतं का?

मग दिवसाचे दोन तुकडे करा. सकाळी आठ ते अकरा एक ठिकाण, साडेचारनंतर दुसरं, मधे काही नाही.

पहिल्या दिवशी संध्याकाळी काळाराम आणि गोदाआरती. काळारामला आवार प्रशस्त आहे, आजी-आजोबा ओवरीत निवांत बसतात, मुलं पळतात. भर दुपारी मात्र नको. अनवाणी जायचं असतं आणि काळा दगड नोव्हेंबरातही तापतो, छोटा कडेवरून उतरणार नाही. सीतागुंफा जवळच आहे, पण सासूबाईंना बाहेर बसवा. आत वाकून, जवळजवळ बसत-सरकत अरुंद पायऱ्या उतराव्या लागतात. मागून रांग येत असते, मधेच 'नको' म्हणून वळता येत नाही. माझी आई हट्टाने गेली आणि वर येताना दोन माणसांनी तिला ओढून काढली. मुलीला बाबांबरोबर पाठवा, तिला ती गंमत वाटेल.

आरती अंधार पडताना असते. अर्धा तास आधी पोचा, बसायला कडेची जागा बघा, पाण्याजवळच्या ओल्या पायऱ्यांवर नाही. कपालेश्वरला बऱ्याच पायऱ्या आहेत, खालूनच नमस्कार. सिंहस्थाच्या कामांमुळे तिकडचे रस्ते मधेच वळवलेले असतात, रिक्षावाल्याला 'कुठपर्यंत सोडाल' हे आधी विचारा. आणि सहा जणांना दोन रिक्षा लागतील. प्रत्येक रिक्षात एक धडधाकट माणूस हवा.

घाटवाट
त्र्यंबकला २०० रुपयांचा देणगी-दर्शन पास काढा, अर्ध्या तासात बाहेर. उगाच यादीतून काढू नका.

पंचवटीकर
पास असतो, बरोबर. पण सुट्टीत पासचीही रांग लागते. एकदा आत अडकलं की तीन वर्षांच्या मुलाला शू लागली तर बाहेर कसं यायचं? गाडीही देवळापासून लांब लावावी लागते. जायचंच असेल तर सोमवार टाळून, पहाटे पाचला शहरातून निघा. अठ्ठावीस-तीस किलोमीटर आहे, दर्शन साडेपाचच्या सुमारास सुरू होतं. नाश्ता डब्यात. नऊ वाजता रांग हलत नसेल तर कळसाला हात जोडून परत फिरायचं, हे घरून निघतानाच ठरवा. रांगेत उभं राहून ठरत नाही.

साखरझोप
सासऱ्यांच्या जेवणाबद्दल माझा अनुभव. माझे वडील इन्सुलिनवर. गेल्या वर्षी रविवारी आम्ही शहराबाहेर एका नावाजलेल्या ठिकाणी मिसळ खायला निघालो. 'पोचतोच आहोत' म्हणून बाबांनी गाडीतच इंजेक्शन घेतलं. तिथे बाहेर नावं लिहून घेत होते, पाऊण तास. बाबा आधी चिडचिड करायला लागले. आम्हाला वाटलं भुकेने. मग कपाळावर घाम, हात थरथर, आणि बोलायचेच बंद. शेजारच्या चहावाल्याकडून साखर घेऊन पाण्यात ढवळून पाजली, दहा-पंधरा मिनिटांत माणसात आले. तेव्हापासून जेवणाची खात्री असल्याशिवाय औषध नाही, आणि खिशात कायम ग्लुकोजची पुडी.

रानजाई
बापरे. पण त्यांच्या गोळ्याच आहेत, इन्सुलिन नाही. तरी असं होतं?

साखरझोप
काही गोळ्यांनी होतं, काहींनी नाही. डॉक्टरांना गोळ्यांचं पाकीट दाखवून एकच विचारा: जेवण तासभर लांबलं तर यातली कुठली थांबवायची?

पंचवटीकर
मिसळ रविवारी नकोच. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला जा आणि ती नाश्ता म्हणून खा. तर्री वेगळ्या वाटीत मागा, सासूबाईंना नुसती मटकी-शेव-दही, मुलांना पाव-दही-जिलबी. तसा जड नाश्ता झाला की बाकीचे साडेबाराला जेवणार नाहीत, पण सासऱ्यांना लागेलच. त्यांच्यासाठी खोलीवर वरण-भात मागवा.

भटक्या७२
बरं, वणी राहू द्या. नांदुरीच्या घाटात पोरं ओकतात हे मात्र खरंय. पण पांडवलेणी?

पंचवटीकर
दोनशेच्या आसपास पायऱ्या, मधे उतारच नाही. मुलगी आणि बाबा सकाळी लवकर चढून येतील, बाकीचे झोपतील. सोमेश्वर त्याच संध्याकाळी करा, तिकडे बालाजी मंदिराचं मोकळं आवार आहे.

तिसऱ्या दिवसाची गोम ही की खोली बाराला सोडायची आणि गाडी संध्याकाळी. दुपारची झोप कुठे? एक खोली चारपर्यंत अर्ध्या दिवसाच्या पैशांत मागून घ्या. मग वाटेत मुक्तिधाम, ते नाशिकरोड स्टेशनजवळच आहे. संगमरवरी सपाट फरशी, आणि बारा ज्योतिर्लिंगांच्या प्रतिकृती आहेत, म्हणजे त्र्यंबकेश्वरही आलं!

रानजाई
हे सासऱ्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "नक्कल बघायला मी नाशिकला कशाला जाऊ?" तर पहिला आणि तिसरा दिवस तुमच्याप्रमाणे पक्का. पांडवलेणी यादीतून गेली, मुलीने गाल फुगवलेत. त्र्यंबकला फक्त नवरा आणि सासरे पहाटे जातील असं मी म्हणतेय. आता सासूबाई म्हणतात, मग मी पण.

घाटवाट
व्हीलचेअर मिळते का तिथे, कोणाला माहीत आहे?