मदत हवी आहे : स्टंपवर्कमधील तारेच्या पाकळ्यांची कड सुटते आणि फूल कापडावर बसते

अबोली_रत्नागिरी

नमस्कार. चौकटीत लावण्यासाठी मी मोतिया रंगाच्या रेशमी कापडावर लाल जास्वंद भरत आहे. देठ आणि कळी सपाट न ठेवता खाली फेल्टचे थर देऊन उठावाची केली असून, उमललेल्या फुलाच्या पाचही पाकळ्या तारेवर वेगळ्या भरून नंतर कापडात रोवायच्या आहेत. कळीचा भाग मनासारखा झाला आहे. अडचण पाकळ्यांची आहे.

प्रत्येक पाकळी साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब आहे. पांढरे मांजरपाट रिंगमध्ये ताणून, पाकळीच्या आकारावर केक सजावटीसाठी मिळणारी कागद गुंडाळलेली 30 गेजची तार टाचून घेतली, त्यावरून एकपदरी लाल दोऱ्याने काजाचा टाका घातला आणि आतला भाग लांब-आखूड टाक्यांनी भरला. पाकळी कापून काढल्यावर कडेला मांजरपाटाचे पांढरे तंतू दिसतात, आणि एका पाकळीत तर काजाचे टाके कापडाच्या चिंचोळ्या पट्टीसकट सुटून आले. दुसरे असे की, करून पाहण्यासाठी लावलेली पाकळी वर उचलून ठेवली तरी काही वेळाने खाली बसते आणि बोट लागले की मुळाशी फिरते. या दोन अडचणींची कारणे वेगळी आहेत की एकच, हे मला समजून घ्यायचे आहे.

नीलपक्षी

कडेला पातळ केलेला फेव्हिकॉल ब्रशने फिरवावा, म्हणजे तंतू सुटत नाहीत. मी कापडी फुलांना असेच करते. पाकळी खाली बसते याचा अर्थ तार बारीक आहे. 24 गेजची तार घ्यावी, ती मुळीच वाकणार नाही.

सुमनताई_भरतकाम

अबोली, दोन्ही अडचणी वेगळ्या आहेत, म्हणून आधी कडेविषयी लिहिते.

काजाचा टाका घालताना सुई तारेच्या आतल्या बाजूने, म्हणजे पाकळीच्या अंगाला, खाली जावी आणि तारेला अगदी लागून बाहेर वर यावी, म्हणजे टाक्याची गाठीसारखी कड बाहेर राहते व कातर तिच्या कडेने चालते. आत सुई नेमकी किती अंतरावर टोचली जाते, याकडे मात्र बहुतेकींचे लक्ष नसते. सगळी भोके तारेपासून सारख्या अंतरावर पडली, तर टपालाच्या तिकिटांमध्ये असते तशी छिद्रांची रांग तयार होते आणि कापल्यानंतर कापड त्याच रेषेवर फाटते. तुमची पट्टी टाक्यांसकट सुटून आली, त्याचे कारण बहुधा हेच असावे. एक टाका एक मिलिमीटर आत, पुढचा दीड-दोन मिलिमीटर आत, असे कमी-जास्त ठेवावे. त्यानंतर लांब-आखूड टाक्यांची पहिली ओळ तारेच्या जवळून सुरू करून काजाच्या आतल्या टोकांवरून आत न्यावी. ती कडेला आणि मधल्या भागाला एकत्र बांधते. भरण कड संपते तिथूनच सुरू केले, तर दोहोंमध्ये एक उघडी रेघ राहते.

पांढऱ्या तंतूंचे कारण अधिक साधे आहे. लाल पाकळीसाठी कापडही लालच घ्यावे. सुती लाल कापड मिळाले नाही, तर मांजरपाटाला आधी कापडी रंगाचा पातळ हात देऊन पूर्ण वाळू द्यावे. तारेवरचा पांढरा कागदही टाक्यांच्या फटीतून दिसतो, म्हणून तोही पक्क्या शाईच्या मार्करने रंगवावा. मात्र ओल्या पांढऱ्या चिंधीवर घासून रंग उतरत नाही ना, हे आधी पाहावे. कापताना प्रथम पाच मिलिमीटर अंतर ठेवून पाकळी मोकळी करावी, मग बारीक टोकाच्या धारदार कातरीने, पाती किंचित कडेच्या खाली झुकवून जवळून कापावे. जे तंतू राहतील ते एकेक छाटावेत, ओढू नयेत. ओढलेला तंतू शेजारच्या टाक्यालाही सैल करतो.

नीलपक्षी, फेव्हिकॉलने तंतू धरले जातात हे खरे, पण तो वाळल्यावर दोरा चकाकतो आणि लाल रंगाची कड गडद दिसते. अगदी हवाच असेल, तर मागच्या बाजूने, सुईच्या टोकाने, जिथे धोका आहे तेवढ्याच ठिकाणी लावावा.

प्राची_ठाणे

मला लग्नासाठी ब्लाउजच्या पाठीवर अशीच फुले हवी आहेत. ती ड्राय क्लीनला देता येतील का?

सुमनताई_भरतकाम

प्राची, तारेची फुले पाठीवर नकोत. खुर्चीला टेकल्यावर ती चेपतात, आणि मागे वळवलेली तारेची टोके अस्तरातून टोचू शकतात. ब्लाउजसाठी फेल्टचा उठाव द्यावा, किंवा फूल पिनेवर करून धुण्याआधी काढता येईल असे ठेवावे.

अबोली, आता पाकळी खाली बसण्याविषयी. तार बारीक आहे की रोवणी सैल आहे, हे ओळखण्याची रीत आहे. पाकळी वर उचलून सोडावी. ती मध्येच कमानीसारखी वाकत असेल, तर तार कमी पडते आहे. सरळ राहून मुळाशीच झुकत असेल, तर दोष रोवणीत आहे. साडेतीन सेंटिमीटरच्या पाकळीला 30 गेज पुरते. 24 गेजच्या तारेने मागे दहा जाड टोके जमतात आणि मोतिया रेशमावर त्यांचा फुगवटा पुढून दिसतो.

अबोली_रत्नागिरी

ताई, आत्ताच पाहिले. पाकळी सरळ राहते आणि मुळाशी झुकते. रेशमी कापड एकेरी आहे, त्याला मागे काही लावलेले नाही.

सुमनताई_भरतकाम

मग कारण तेच. एकेरी रेशमाला तारेची टोके धरून ठेवता येत नाहीत. त्यामागे मांजरपाट लावून दोन्ही एकत्र ताणायला हवे होते. देठ आणि कळी भरून झाली असल्यामुळे आता फुलाच्या जागेपुरता मांजरपाटाचा तुकडा मागून बारीक टाक्यांनी पक्का करता येईल.

पाचही पाकळ्या एकाच भोकातून नेऊ नका. सुमारे पाच-सहा मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर पाच खुणा करा, जाड सुईने भोक पाडा आणि पाकळीची दोन्ही टोके तिच्या भोकातून मागे घ्या. जास्वंदाच्या पाकळ्या एकमेकींवर चढलेल्या असतात, म्हणून सर्वांत खाली राहणारी पाकळी आधी लावा. मागे गेलेली टोके त्या पाकळीच्याच दिशेला वळवा, साधारण एक सेंटिमीटरपर्यंत जवळजवळ टाक्यांनी मांजरपाटाला बांधा आणि मगच उरलेली तार कापा. दोन टोके वेगवेगळी बांधली तर पाकळी मुळाशी फिरत नाही. पिळून एक केली तर ती फिरते. पाकळीला बाक द्यायचा तो सगळ्यात शेवटी, मधला केसरदंड लावून झाल्यावर.

सागरकिनारा

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये पेट्यांवर आणि आरशांच्या चौकटींवर असे उठावाचे काम होत असे, त्यातही तार वापरलेली असे. पण कोकणातल्या दमट हवेत कागदाच्या आतली लोखंडी तार गंजून रेशमावर डाग उमटतील, अशी मला शंका आहे. तांब्याची तार घेतलेली बरी.

सुमनताई_भरतकाम

शंका रास्त आहे. परंतु उघडी तांब्याची तार गुळगुळीत असल्यामुळे काजाचे टाके तिच्यावरून सरकतात, आणि ती मऊ असल्याने दिलेला बाक टिकत नाही. कागदामुळे टाक्यांना पकड मिळते, पण तोच कागद ओलावाही धरून ठेवतो. यातले कमी वाईट कोणते, हे मला ठामपणे सांगता येणार नाही. माझी कामे पुण्यात आहेत, तिथली हवा कोरडी.

अबोली_रत्नागिरी

ताई, लाल कापडावर एक पाकळी नव्याने करून, मागे मांजरपाट लावून रोवते आणि छायाचित्र टाकते. किनारपट्टीवर राहणाऱ्या कोणी तारेची फुले काचेच्या चौकटीत चार-पाच पावसाळे ठेवली असतील, तर मागच्या बाजूला डाग आले का, हे कृपया लिहावे; तोपर्यंत उरलेल्या चार पाकळ्यांची तार मी टाचणार नाही.