एका पेगात तोंड लाल, छातीत धडधड: कोणती गोळी चालते?

वरूडचा_संत्रेवाला: माह्या साळ्याले पहिल्या घोटापासूनच असं होते. अर्धा पेग पोटात गेला की कान तापते, डोळे लाल, छाती धडधड, मंग उलटी. एकानं सांगितलं, ॲसिडिटीची फॅमोटिडिन आधी घे, लाली येत नाही. लग्नसराई हाय, देऊ का जी?

दारव्हा_भाऊ: सवय झाली की जाते. हळूहळू वाढवायची.

औषधवाला: लाली कमी होऊ शकते, भाऊ, पण विष कमी होत नाही. दारूचं यकृतात आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, मग एएलडीएच२ नावाचं एन्झाइम ते विझवतं. हे एन्झाइम चार तुकडे जोडून बनतं आणि सदोष तुकडा एखादा जरी आला तरी काम बिघडतं. म्हणून आई-बापांपैकी एकाकडूनच दोष आला तरी ताकद निम्म्याहून बरीच खाली जाते. फॅमोटिडिन फक्त लाली झाकतं. इशारा बंद झाला की माणूस जास्त पितो, आणि अशांना अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका आधीच जास्त. देऊ नका.

काटोलकर: आमच्या मामाले हे दिवाळीपासूनच सुरू झालं. आधी अख्खी क्वार्टर पचवत. म्हंजे हाच दोष ना?

औषधवाला: नाही. जन्मजात दोष पहिल्या दिवसापासून दिसतो. अचानक सुरू झालं तर घरात कोणी गुपचूप दारू सोडवायची गोळी देतंय का, ते विचारा. डायसल्फिरम हेच एन्झाइम बंद करतं, आणि शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो. न सांगता देणं जिवावर बेतू शकतं. छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडले तर थेट दवाखाना, आणि गोळीचं नाव डॉक्टरांना सांगा.

वरूडचा_संत्रेवाला: साळा गोळ्या खात नाही. टेस्ट काय?

लॅबवाली_ताई: हा प्रकार चीन, जपान, कोरियात खूप, आपल्याकडे विरळा. म्हणून रक्ताच्या जनुक-तपासणीवर खर्च करण्याआधी पट्टी लावून बघा. शुद्ध इथेनॉल ७० टक्के, दोन-तीन थेंब कापसाच्या तुकड्यावर घेऊन दंडाच्या आतल्या बाजूला कागदी टेपनं चिकटवा. शेजारी तसंच साधं पाणी. ७ मिनिटांनी काढा, आणखी १०-१५ मिनिटांनी उजेडात बघा. सॅनिटायझर वापरू नका, त्यातल्या इतर गोष्टींनीही कातडी लाल होते. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून चुकण्याची शक्यता धरूनच चाला.

वरूडचा_संत्रेवाला: केली. दारूच्या पट्टीखाली लाल, पाण्याच्या पट्टीखाली बी थोडी लाल.

लॅबवाली_ताई: टेप कोणता होता?

वरूडचा_संत्रेवाला: जखमेले लावाचा चिकटपट्टा.

लॅबवाली_ताई: मग गोंदाचीच लाली असेल. हा निकाल धरू नका. चार-पाच दिवसांनी दुसऱ्या दंडावर, कागदी टेपनंच.

दारव्हा_भाऊ: तोवर त्याले सरबत द्या.