'गॅप भरतोच' म्हणे, पण कधी?

निखिल_नाशिक
शेअर सकाळी गॅप देऊन, म्हणजे कालच्या बंद भावापासून थेट वर किंवा खाली उघडला, की भाव त्या बंद भावापर्यंत परत येऊन तो गॅप त्याच दिवशी भरणार की नाही हे तुम्ही कशावरून ठरवता? आमच्या ग्रुपवर 'गॅप भरतोच' हे एकच वाक्य सगळे घोकतात. मग १७ जानेवारी २०२४ ला एचडीएफसी बँकेचं काय झालं?

बाजारबुवा
काय झालं म्हणजे? भरला की! १६ जानेवारीचा बंद भाव १,६७९ च्या आसपास. जूनअखेर तो भाव परत आला आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात १,७९० च्या घरात. चार्टवर मोकळी जागा राहिली की भाव तिथे परत येतोच, फक्त धीर पाहिजे. एप्रिल २०२५ आठवा. टॅरिफच्या धसक्याने ७ तारखेला निफ्टी २२,९०४ वरून थेट २१,७५८ ला उघडला. टीव्हीवर नुसती रडारड. आणि ११ तारखेला गडी परत २२,९०० वर. चार सत्रांत विषय संपला.

मेधा_डीलिंगरूम
बुवा, निखिलने 'त्याच दिवशी' विचारलंय. जानेवारीचा गॅप जूनअखेर भरला, यात त्या दिवशीच्या ट्रेडरला काय मिळालं? फेब्रुवारीच्या मध्यात तो शेअर १,३६५ च्याही खाली गेला होता. 'गॅप भरतोच' म्हणून सकाळी उघडत्या भावाला घेतलेल्याचं तोवर चौदा टक्के नुकसान. त्याने फ्युचर घेतलं असेल तर मार्जिनचे फोन सुरू झाले असतील. मुदत न सांगता 'भरतोच' म्हटलं की ते कधी खोटं ठरतच नाही.

आता त्या सकाळचं बघू. १६ तारखेला बाजार सुटल्यावर तिमाही निकाल आला. नफा १६,३७३ कोटी, वरवर बघता ठीकच. दुखणं ठेवींमध्ये होतं. एचडीएफसी लिमिटेड विलीन झाल्यावर बँकेकडे कर्जं ढीगभर आली, पण त्या प्रमाणात ठेवी आल्या नाहीत. शंभर रुपयांच्या ठेवींमागे ११० च्या आसपास कर्ज, आणि त्या तिमाहीत ठेवी वाढल्या जेमतेम दोन टक्के. म्हणजे एक तर जास्त व्याज देऊन ठेवी ओढा, नाही तर कर्जवाटप आवरा. दोन्हीकडे कमाईला कात्री, आणि तीही एका तिमाहीपुरती नाही.

त्याच रात्री न्यूयॉर्कमध्ये बँकेचा एडीआर सहा टक्क्यांहून जास्त पडला. सकाळी प्री-ओपनमध्ये आपल्याकडे भाव जुळला १,५८३ च्या आसपास, म्हणजे पावणेसहा टक्के खाली. माझ्या मते खरी गोम इथे आहे. हा घाबरगुंडीचा भाव नव्हता. न्यूयॉर्कने रात्रभर व्यवहार करून जो हिशोब मांडला होता, त्याच्याशी तो जवळपास जुळत होता. गॅप त्याच दिवशी भरायचा तर उघडताना भाव अति खाली गेलेला असावा लागतो. इथे अति काहीच नव्हतं, मग परत वर न्यायला घेणारा कशासाठी येईल? शेअर दिवसभर विकला गेला आणि आठ टक्क्यांहून जास्त पडून १,५३७ च्या आसपास बंद झाला. परदेशी संस्थांची त्या दिवशीची निव्वळ विक्री होती १०,५७८ कोटी. एवढा माल कुणाला एका तासात काढता येत नाही. दुसऱ्या दिवशीही विक्री चालूच होती आणि शेअर आणखी तीनेक टक्के पडला.

सावंत_चिपळूण
एचडीएफसी बँकेचा विषय निघालाय म्हणून विचारतो. २६ ऑगस्ट २०२५ ला, गणपतीच्या आदल्या दिवशी, माझ्या ॲपवर हाच शेअर निम्म्यावर दिसला. १,९६० च्या आसपासचा शेअर हजाराच्या आत! मुलगा पुण्याहून फोन करून ओरडतोय, बाबा विकून टाका. मी काही विकला नाही. पण एवढा मोठा गॅप अजून भरलेला नाही. तो कधी भरणार?

मेधा_डीलिंगरूम
काका, तो गॅपच नव्हता. एकास एक बोनस होता. तुमचे शंभर शेअर दोनशे झाले, भाव निम्मा झाला. विकला नाहीत ते उत्तम. निखिल, तूही हे ध्यानात ठेव. आज चार्ट उघडलास तर जानेवारी २०२४ चा गॅप १,६७९ ते १,५८३ असा दिसणार नाही, ८४० ते ७९२ असा काहीतरी दिसेल. चार्टवाले मागचे सगळे भाव बोनसप्रमाणे निम्मे करतात.

सावंत_चिपळूण
बरं झालं सांगितलंत. मुलाला हे वाचायला पाठवतो.

आकडेमोड
मेधाताई, तुमचं विश्लेषण छान आहे, पण वरातीमागून घोडं आहे. ठेवींचं दुखणं खोल आहे हे फेब्रुवारीत सगळ्यांनाच कळलं. सकाळी सव्वानऊला कुणी कसं ओळखायचं? एडीआरशी भाव जुळला म्हणून गॅप भरणार नाही, हा नियम मला पटत नाही. एडीआरशी जुळून उघडलेले आणि अकरा वाजेपर्यंत गॅप भरून मोकळे झालेले शेअरही आपण पाहिलेत.

आणि बुवा, तुमच्याशी भांडण वेगळं आहे. निफ्टीचे छोटे गॅप बऱ्याचदा त्याच दिवशी भरतात हे मान्य. पण त्यातून पैसे सुटतात का? निफ्टी २५,००० ला धरा. ७५ अंशांचा गॅप-अप झाला, तुम्ही भरण्यावर पैज लावून शॉर्ट केलं. भरला तर ७५ मिळणार. न भरणाऱ्या दिवशी बाजार एकाच दिशेने पळतो, म्हणून समजा स्टॉपलॉस १५० वर. दहापैकी सात वेळा बरोबर आलात तर ५२५ मिळाले, तीन वेळा ४५० गेले. दहा सौद्यांत ७५ अंश उरले, त्यातून दलाली आणि कर वजा करा. दहापैकी सहाच बरोबर आले तर १५० घरातून गेले. 'बऱ्याचदा भरतो' आणि 'परवडतो' यात एवढं अंतर आहे.

बाजारबुवा
स्टॉपलॉस १५० कुणी लावायला सांगितला? मी ४० चा लावतो.

आकडेमोड
मग गॅप भरायच्या आधी बाजार ४० वर जाऊन तुम्हाला बाहेर काढेल आणि मग आरामात खाली येऊन गॅप भरेल. चार्टवर 'भरला' अशी नोंद होईल, तुमच्या खात्यात तोटा. पहिल्या पंधरा मिनिटांत ४० अंश म्हणजे काहीच नाही.

मेधा_डीलिंगरूम
आकडेमोड, स्टॉपलॉसचं शंभर टक्के पटलं. वरातीमागून घोडं हे अर्धंच. सकाळी दुखणं किती खोल आहे ते मला कळत नव्हतं, बरोबर. पण एक गोष्ट कळत होती : बातमी या एका शेअरची होती आणि आकड्यांची होती. अफवा नव्हती, बाजारभराचा मूड नव्हता. त्याच सकाळी निफ्टीही २२,०३२ वरून २१,६४७ ला उघडला होता, कारण निर्देशांकात या बँकेचं वजन मोठं. निफ्टीचा तो गॅप २ फेब्रुवारीला भरून वर नवा उच्चांकही झाला. बँक तेव्हा १,५०० च्याही खाली होती. सकाळ एकच, बातमी एकच, पण निफ्टीला उरलेल्या शेअरांनी ओढून नेलं. बँकेला ओढणारं दुसरं कुणी नव्हतं. शेअरचा स्वतःच्या बातमीवरचा गॅप आणि निर्देशांकाचा गॅप मी एका तराजूत तोलत नाही.

बुवांचा एप्रिल २०२५ चा गॅपही चार्टच्या ओढीने भरला नाही. ९ तारखेला ट्रम्पनी बहुतेक देशांवरचं टॅरिफ नव्वद दिवस पुढे ढकललं. ज्या कारणाने गॅप पडला ते कारणच मागे घेतलं गेलं. ठेवींचं गणित असं एका घोषणेने मागे घेता येत नाही.

बाजारबुवा
कारण काहीही असो, भरला ना? आणि टॅरिफ मागे घेणार हे ७ तारखेच्या सकाळी तुम्हाला तरी माहीत होतं का? मी घेतलं होतं, मिळाले.

आकडेमोड
नव्हतं माहीत. कुणालाच नव्हतं. म्हणून तर म्हणतो, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. त्यावरून नियम काढू नका.

निखिल_नाशिक
सगळ्यांना धन्यवाद, पण सकाळी नऊ ते दहा प्रत्यक्ष बघता काय? मी प्री-ओपनमध्ये ९:०३ चा भाव बघून ठरवतो.

मेधा_डीलिंगरूम
९:०३ चा भाव बघूच नकोस. त्या वेळी टाकलेली ऑर्डर रद्द करता येते, म्हणून लोक काहीही टाकून ठेवतात. ऑर्डर घेणं ९:०७ नंतर कधीही थांबतं आणि मग भाव जुळतो. तोच खरा. किती शेअर जुळले तेही बघ. मोठ्या बातमीनंतरही नेहमीएवढेच जुळले असतील, तर मोठे विकणारे अजून यायचे आहेत असं मी धरते.

नंतर अर्धा तास मी काही करत नाही. गॅप-डाऊन असेल तर एकच बघते : उघडता भाव ओलांडून शेअर वर टिकतोय का. वर गेला, परत खाली आला, पुन्हा गेला आणि पुन्हा हाणून पाडला, आणि व्हॉल्यूम नेहमीपेक्षा कितीतरी जास्त, तर विकणाऱ्याचा माल संपलेला नाही. अशा वेळी भरण्याच्या बाजूने उभं राहू नये. याउलट व्हॉल्यूम आटत चाललाय आणि शेअर सुरुवातीचा नीचांक मोडत नाहीये, तर मी थोडं घेऊन बघते. यातही चुकायला होतं, पण नुकसान त्या नीचांकापुरतं राहतं.

आकडेमोड
हे तपासता येण्यासारखं आहे म्हणून मला आवडलं. निखिल, ग्रुपवर विश्वास ठेवण्यापेक्षा स्वतः मोज. दैनंदिन भाव शीटमध्ये घे : B मध्ये ओपन, C हाय, D लो, E क्लोज. गॅप-डाऊनसाठी तिसऱ्या ओळीत हे टाक :

```
=IF(B3<E2, IF(C3>=E2,1,0), "")
```

१ आला तर त्याच दिवशी भरला, ० आला तर नाही. निकालानंतरचे दिवस वेगळ्या रंगात ठेव आणि दोन्हींची सरासरी वेगवेगळी काढ. मेधाताईंचं म्हणणं खरं असेल तर फरक दिसायला हवा. मला खात्री नाही. आणि दैनंदिन भावात 'भरायच्या आधी किती उलट गेला' हे कळत नाही, त्याला मिनिटांचे भाव लागतील.

निखिल_नाशिक
करून बघतो. शेवटचा प्रश्न. E मधला क्लोज आणि माझ्या ॲपवर ३:३० ला दिसलेला शेवटचा भाव जुळत नाहीत. कुठला धरू?

मेधा_डीलिंगरूम
जानेवारी २०२४ चे भाव तपासत असशील तर लक्षात ठेव, तेव्हाचा अधिकृत क्लोज शेवटच्या अर्ध्या तासाची व्हॉल्यूमनुसार काढलेली सरासरी असायचा, शेवटचा सौदा नव्हे. शेवटच्या मिनिटांत शेअर पळाला असेल तर दोन्हींत चांगला फरक पडतो. मी अधिकृत क्लोज धरते, कारण दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या स्क्रीनवर टक्के त्यावरूनच निघतात.

बाजारबुवा
मी शेवटचा सौदा धरतो. लोक त्या भावात अडकलेले असतात, सरासरीत कोण अडकतं?

आकडेमोड
दोन्ही कॉलम ठेव निखिल. छोट्या गॅपमध्ये नुसत्या या फरकाने शून्याचे एक होतात.