मदत हवी आहे: हायड्रोटेस्टमध्ये सोळांपैकी एकच पॉइंट जास्त खचतोय, पाणी वाढवावं का?

प्लिंथ_उरण:
उरणजवळ खाडीलगत भराव केलेल्या जागेवर टाकी आहे. व्यास 40 मी, उंची 14 मी, आरसीसी रिंगवॉल. खाली मऊ चिखलमाती, त्यात पीव्हीडी मारून आधी सरचार्ज दिला होता. शेलवर 16 स्टब वेल्ड केलेत, अंतर सुमारे 7.85 मी. पाणी 10.5 मीटरवर थांबवलंय. पॉइंट 5 ते 9 ची खचण मिमीमध्ये: 54, 57, 76, 63, 64. बाकीचे सावकाश बदलत समोरच्या पॉइंट 1 ला 44 वर येतात. उरलेलं पाणी भरू का?

सर्व्हेदादा:
एपीआय 650 मध्ये 10 मीटर परिघाला 13 मिमी फरक चालतो. तुमच्या अंतराला सुमारे 10 मिमी. 6 आणि 7 मध्ये 19 आहे, म्हणजे टाकी फेल. पाणी काढा, जॅकवर उचला आणि खाली ग्राउट मारा.

खाजण_बांध:
दादा, आकडा बरोबर, अर्थ चुकला. 13 मिमी ओलांडले किंवा सरसकट खचण 50 च्या वर गेली, तर भरणं थांबवून मालकाला कळवायचं आणि तपासणी होऊन मंजुरी आली की पुढे जायचं. तिथे टाकी नापास होत नाही. इथे सरासरीही 55 च्या आसपास आहे, म्हणजे दोन्ही कारणांनी थांबायलाच हवं.

प्लिंथ, आधी आकडे वेगळे करा. 44 पासून 64 पर्यंतचा सावकाश चढ म्हणजे टाकी एका अंगाला कलली आहे. त्याने शेल वाकत नाही. शेलला त्रास देतो तो शेजाऱ्यांच्या मधून सुटलेला भाग: 57 आणि 63 ची सरासरी 60, पॉइंट 7 आहे 76, म्हणजे 16 मिमी. एपीआय 653 चं सूत्र लावून बघा. S ही चालणारी मर्यादा, L पॉइंटांमधलं अंतर, Y पोलादाची यील्ड स्ट्रेंग्थ, E त्याचा लवचिकता गुणांक, H टाकीची उंची:

```
S = 11 × L² × Y / (2 × E × H)
  = 11 × 7.85² × 250 / (2 × 200000 × 14)
  = 0.030 मी
```

16 विरुद्ध 30. शेलला आज धोका दिसत नाही. पण हे सूत्र वापरातल्या टाक्यांसाठी आहे, नव्या टाकीत ते फक्त मूल्यमापनाला आधार. आणि चिखलमाती भाराच्या सरळ प्रमाणात खचत नाही, त्यामुळे 14 मीटरला हा आकडा किती होईल ते आजच्या रीडिंगवरून गुणून काढू नका.

आता दोन गोष्टी सांगा. पाणी स्थिर असताना 7 रोज किती खचतोय? आणि स्टबखालची रिंगवॉलही तेवढीच खाली गेली का?

कातळावरचा:
आमच्या रत्नागिरीच्या 12 मीटरच्या फायर वॉटर टाकीला जांभ्यावर 4 मिमीसुद्धा खचण नव्हती. कॉन्ट्रॅक्टरने मुरूम नीट दाबला नसेल.

खाजण_बांध:
जांभ्यावर तसंच येणार. इथे भार मुरमाच्या थराखालच्या चिखलापर्यंत जातो, तिथे रोलरचा उपयोग नाही.

प्लिंथ_उरण:
24 तासांनी 79, 48 तासांनी 80.5. शेजारचे दोन्ही एकेक मिमी. रिंगवॉल स्टबइतकीच गेली आहे. 7 जवळ भिंतीच्या बाहेरच्या बाजूला केसाएवढी उभी भेग दिसते.

खाजण_बांध:
3, मग 1.5. वेग कमी होतोय, हे चांगलं. भिंत आणि शेल एकत्र खचलेत, म्हणजे ॲन्युलर प्लेटखाली पोकळी नाही. त्यामुळे आत्ता ग्राउटचा प्रश्नच येत नाही.

भेग नीट बघा. तिथे बाहेरची माती हातानेच, अरुंद आणि फूटभर खोल, काढा. जास्त खणू नका, भरलेल्या टाकीच्या कडेची माती तिला धरून असते. भेग खाली रुंद आणि वर बारीक होत गेली, तर भिंत त्या जागी तुळईसारखी खाली वाकली आहे. वरपासून खालपर्यंत सारखी रुंद असेल, तर आतला भराव भिंतीला बाहेर रेटतोय आणि गोल सळई कमी पडतेय. दुसरं निघालं तर डिझायनरला दाखवल्याशिवाय पाणी अजिबात वाढवू नका.

7 च्या बाहेर पाच-दहा मीटरवर जमीन फुगते का, तेही लेव्हलने बघा. रोजची खचण कमी न होता वाढू लागली किंवा बाहेर फुगवटा आला, तर पाणी लगेच उतरवा. उतरवताना छपराचा व्हेंट उघडा असल्याची खात्री करा, नाहीतर शेल आत दबेल.

रेवस_खार:
ही जागा पूर्वी मिठागर किंवा खारजमीन होती का? बांधाला खांड पडली की तिथे खोल कोंड तयार होतो आणि नंतर तो नुसत्या गाळाने भरतो. जुन्या बांधाखालची माती मात्र दबून घट्ट झालेली असते. जुना नकाशा आणि 7 जवळच्या पीव्हीडीच्या खोलीच्या नोंदी ताडून बघा.

प्लिंथ_उरण:
जुन्या नकाशात उघाडी दाखवली आहे, पण ती नेमकी 7 खाली येते का ते अजून जुळलेलं नाही. पीव्हीडीच्या नोंदी मागवल्यात.

सर्व्हेदादा:
बेंचमार्क कुठे आहे? त्याच भरावावर असेल तर तोही खचत असेल आणि सगळी खचण खरी त्यापेक्षा कमी दिसेल.

खाजण_बांध:
हा मुद्दा महत्त्वाचा. फरक बदलणार नाहीत, पण सरासरी बदलेल. कातळावरच्या किंवा पाइलवरच्या बिंदूला जोडून घ्या. रीडिंग रोज एकाच वेळी घ्या आणि लेव्हलचा फेरा मिमीभरात बंद व्हायला हवा. मंजुरी मिळालीच तर ठरलेल्या एका टप्प्याऐवजी मीटर-मीटरने चढवा, प्रत्येक वेळी रोजची खचण मिमीच्या आत येईपर्यंत थांबा. पूर्ण भरल्यावरचे 24 तास चिखलमातीला पुरत नाहीत. नोझलना पाइपलाइन जोडली असेल तर आत्ताच सोडवा. आणि रिकामी झाल्यावर तळाची लेव्हल व्यासाच्या रेषांवर तीन-तीन मीटरवर घ्या, कारण मधला भाग किती बसला ते या 16 पॉइंटांवरून कळत नाही.

प्लिंथ_उरण:
बेंचमार्क पंपहाउसच्या पायावर आहे, तोही भरावातच. उद्या जेट्टीच्या पाइलवरून लेव्हल आणतो. भेगेचं माप आणि 72 तासांचं रीडिंग इथेच टाकतो.